अंगठा लावण्याआधी तीन कलमं: डिपॉझिट, नोटीस आणि दुरुस्ती

मी पुण्यात भाड्याच्या घरांचे करार नोंदवून देतो. संध्याकाळी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, अंगठे घ्यायचे, साक्षीदारांचे घ्यायचे, चहा प्यायचा आणि निघायचं. मसुदा आदल्या दिवशीच दोघांना पाठवलेला असतो. भाडेकरू त्यात तीन गोष्टी बघतो: आपल्या नावाचं स्पेलिंग, भाड्याचा आकडा आणि तारीख. उरलेली चार पानं कोणी वाचत नाही. वर्षाच्या आत मला भांडणाचा फोन येतो तेव्हा विषय त्या चार पानांतलाच असतो. डिपॉझिट कापलं, नोटीस मान्य केली नाही, नाहीतर गिझरचे पैसे कोणी द्यायचे.

आधी माझी हद्द सांगून टाकतो. मी वकील नाही. इथे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या राहत्या घराच्या साध्या लिव्ह अँड लायसन्स कराराबद्दल आहे. पागडीचं घर, दुकानाचा गाळा, कंपनीने घेतलेला फ्लॅट, पीजीतली कॉट हे यात नाही. पणजीत किंवा बेळगावात घर बघत असाल तर तिथला कायदा वेगळा आहे. गोव्यात १९६८ चा स्वतःचा भाडे कायदा आहे. शिवाय तुमच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही. म्हणून ‘माझ्या केसमध्ये काय होईल’ याचं उत्तर या लेखात शोधू नका. कागदात काय बघायचं आणि काय बदलून घ्यायचं, एवढंच मी सांगू शकतो.

आपण भाडेकरू, पण कागदावर नाही

बोलताना आपण ‘भाडेकरार’ म्हणतो. पण पुण्या-मुंबईत आज जवळजवळ प्रत्येक घर ज्या कागदावर दिलं जातं तो लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. त्यात मालक ‘लायसेन्सर’ आणि तुम्ही ‘लायसेन्सी’. फरक फक्त शब्दांचा नाही. लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत ठरावीक मुदतीपुरतं राहायची परवानगी. जागेत हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये भाडेकरूला दिलेली बरीच संरक्षणं जुन्या अर्थाच्या भाडेकरूसाठी आहेत, आजच्या लायसेन्सीला ती आपोआप मिळतातच असं नाही.

उदाहरण द्यायचं तर त्याच कायद्याच्या कलम १४ चं देतो. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन ती स्वतः करून घ्यावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम भाड्यातून वळती करावी, अशी सोय त्यात आहे. मोबाइलवर जी माहितीची कार्डं फिरतात त्यांत हे कलम हमखास असतं. ते वाचून एकाने बारा हजारांचं प्लंबिंगचं काम करून घेतलं आणि पुढच्या महिन्यात सहाच हजार भाडं पाठवलं. मालकाने करारातली ‘भाडं थकवल्यास करार रद्द’ ही ओळ दाखवली. कलम १४ ‘भाडेकरू’साठी आहे आणि त्याच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं की या कागदाने भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. लायसेन्सीला ते कलम लावून घेता येईल का, हा वकिलाने लढवायचा मुद्दा आहे, भाडं कापून बघायचा नाही.

लायसेन्सीचं संरक्षण मुख्यतः कागदातल्या वाक्यांत असतं, एवढाच याचा अर्थ. वाक्य असेल तर बोट ठेवायला जागा मिळते, नसेल तर मालकाच्या स्वभावावर सगळं.

नोंदणीचं आधी उरकू

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदवायची गरज नाही’ असं एजंटही छातीठोकपणे सांगतात. हे केंद्राच्या कायद्यावरून आलेलं आहे: १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून एक महिना कमी. महाराष्ट्रात ती पळवाट चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं.

हे शेवटचं वाक्य वाचून काही जण खूश होतात, मग न नोंदवलेलाच बरा म्हणतात. तसं करू नका. तुमचं म्हणणं धरलं जाईल ते न्यायालयात, पहिल्या तारखेला पोचेपर्यंत तुम्ही दुसरं घर शोधून तिथे रुळलेले असाल. नोंदवलेल्या कराराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, आणि पूर्ण प्रत दोन्ही पीडीएफ स्वतःकडे घ्या. फक्त इंडेक्स टू असेल तर त्यात अटी नसतात.

खर्चाचा अंदाज असावा म्हणून एक हिशेब. गेल्या काही वर्षांत मी केलेल्या करारांतला एक घेतो, तो पुढेही लागेल. नांदेडहून पुण्यात आलेली एक नर्स, वारज्यात वन बीएचके. भाडं १८,०००, परत मिळणारं डिपॉझिट ६०,०००, मुदत १ जून ते ३० एप्रिल, म्हणजे अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या पाव टक्का. भाडं १,९८,०००, डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज ५,५००, बेरीज २,०३,५००, त्याचा पाव टक्का पाचशेच्या थोडा वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन कागदपत्र हाताळणीचा आकार आणि माझ्यासारख्याची मजुरी वेगळी. कोणी सरकारी फीच चार-पाच हजार सांगत असेल तर चलन दाखवायला सांगा.

डिपॉझिट

सध्या सगळ्यात जास्त फिरणारं वाक्य आहे, ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा’. ते केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातून आलंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २०२१ च्या जूनमध्ये मंजूर केला आणि त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण तो नमुना आहे. राज्याने तो आपला कायदा म्हणून आणला तरच लागू होतो. वारज्याच्या घरमालकापुढे ते कार्ड धरून डिपॉझिट कमी होत नाही. ते कमी होतं घर दोन महिने रिकामं पडलं असेल तेव्हा. म्हणून आकड्यावर घासाघीस जरूर करा, पण ताकद राखून ठेवा ती पुढच्या चार गोष्टींसाठी.

पहिली, पैसे कसे दिले. डिपॉझिट बँकेतूनच द्यायचं आणि व्यवहाराचा क्रमांक करारात टाकायला लावायचा. टोकन म्हणून एजंटच्या हातात दिलेले पाच हजार बऱ्याचदा कुठेच उगवत नाहीत. नर्सच्या बाबतीत ते झालंच होतं. तिने पाच हजार रोख दिले होते आणि मसुद्यात ५५,००० चाच व्यवहार लिहिला होता. मालकाने ते मिळाल्याचं कबूल केलं, म्हणून ‘रु. ५,००० रोख दि. २० मे रोजी मिळाले’ ही ओळ अंगठ्याआधी घातली. ती नसती तर परत मागायचं डिपॉझिट पंचावन्नच.

दुसरी, कधी परत मिळणार. तिच्या मसुद्यात होतं, ‘घर रिकामं केल्यानंतर ६० दिवसांत’. मालकाचं म्हणणं असं की शेवटचं लाइट बिल यायला वेळ लागतो. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण एका हजाराच्या बिलासाठी साठ हजार दोन महिने अडकवायचं कारण नाही. आम्ही असं लिहिलं: ‘घराचा ताबा व चाव्या परत देतेवेळी लायसेन्सर डिपॉझिटची रक्कम बँकेद्वारे परत करील. अंतिम वीजबिलापोटी रु. २,००० राखून ठेवता येतील व ते बिल आल्यापासून ७ दिवसांत हिशेब करून उरलेली रक्कम परत करावी.’ मालकाने एका मिनिटात मान्य केलं. त्याला बिलाचीच काळजी होती.

तिसरी, काय कापता येईल. इथे बहुतेक मसुद्यांत ‘नुकसानभरपाई वजा जाता’ एवढं गुळगुळीत वाक्य असतं आणि त्यातूनच रंगाचे नऊ हजार निघतात. दोन शब्दसमूह घालून घ्या: ‘सामान्य वापराने होणारी झीज वगळून’ आणि ‘बिलासह’. भिंतीचा रंग दोन वर्षांत मळतो, दरवाजाची मूठ ढिली होते, गॅसजवळची टाइल पिवळी पडते, ही झीज. आरसा फुटला, भिंतीला टीव्हीसाठी सहा भोकं पाडली, सिंकला चीर गेली, हे नुकसान. मधली रेषा काही ठिकाणी धूसर आहे आणि ती मी इथे बसून आखू शकत नाही. मुलाने क्रेयॉनने रंगवलेली भिंत कशात धरायची, यावर मी दोन सुशिक्षित माणसांना पाऊण तास भांडताना पाहिलंय. काही मालक सरळ ‘सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी’ असं लिहितात. ते मान्य असेल तर त्याचा आकडा भाड्यात मिळवून घर परवडतं का बघा. १८,००० च्या घरात अकरा महिन्यांनी रंगाला १८,००० गेले, तर ते घर महिन्याला साडेसोळाशेने महाग पडलं.

चौथी गोष्ट कागदात नसते, मोबाइलमध्ये असते. सामान आत यायच्या आधी, रिकाम्या घराचा व्हिडिओ. दिवे लावून, प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक कपाट उघडून. ओल, तडे, खरचटलेली फरशी जवळून. मीटरचं रीडिंग. मग तो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर, सोबत दोन ओळी: ‘आज ताबा घेतला. बेडरूमच्या खिडकीखाली ओल आहे, बाथरूमच्या दाराचा खालचा भाग कुजलेला आहे.’ उत्तर आलं नाही तरी चालेल, तारीख नोंदली गेली. मी स्वतः भाड्याने राहत होतो तेव्हा हे केलं नव्हतं आणि आधीच्या माणसाने जाळलेल्या ओट्याचे साडेतीन हजार मी भरले. तेव्हापासून हा सल्ला मी न विचारता देतो.

एक सवय मात्र मोडा. ‘शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं देत नाही, डिपॉझिटमधून घ्या’ हे परस्पर करू नका. डिपॉझिट अडकायच्या भीतीने लोक असं करतात, ती भीती मला समजते. पण कागदानुसार तुम्ही भाडं थकवलेलं असतं. मालक तयार असेल तर त्याचा ‘ठीक आहे’ असा लेखी मेसेज आधी, मग कपात.

नोटीस आणि लॉक-इन

दोन वेगळी कलमं आहेत आणि लोक ती एकच समजतात. लॉक-इन म्हणजे इतके महिने कोणी करार मोडायचा नाही. नोटीस म्हणजे लॉक-इन संपल्यावर सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं.

लॉक-इनच्या कलमात शेपूट वाचा. बऱ्याच मसुद्यांत सुरुवात दोघांना सारखी असते, ‘या काळात मालक घर खाली करायला सांगणार नाही आणि राहणारा सोडणार नाही’. पुढे मात्र, राहणाऱ्याने सोडलं तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं भरायचं, आणि मालकाने काढलं तर काय, यावर शांतता. तेवढी ओळ मागून घ्या: मालकाने लॉक-इनमध्ये घर मागितलं तर तोही तितकीच भरपाई देईल. सगळे देत नाहीत. नर्सच्या मालकाने पूर्ण भाडं मान्य केलं नाही, एका महिन्याचं केलं. शिवाय तिची नोकरी नवी होती, बदली होण्याची शक्यता होती, म्हणून अकरा महिन्यांचा लॉक-इन सहावर आणला. अकरा महिन्यांच्या कराराला अकरा महिन्यांचं लॉक-इन असेल तर नोटीसच्या कलमाला तसाही अर्थ राहत नाही, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही.

आता नोटीस. ‘एक महिन्याची लेखी नोटीस’ असं असतं. एक महिना कधीपासून, आणि लेखी म्हणजे काय, हे नसतं.

तिच्याच हिशेबाने बघा. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपलं. दुसऱ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिने १० डिसेंबरला नोटीस दिली. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस धरले तर ९ जानेवारीला ती मोकळी. पण ‘कॅलेंडर महिना’ किंवा ‘पुढील महिन्याच्या १ तारखेपासून’ असं कुठे लिहिलेलं असेल तर थेट ३१ जानेवारी. मधले २२ दिवस. १८,००० भागिले ३१ गुणिले २२, साधारण पावणेतेरा हजार रुपये. एका शब्दाचा फरक. तिच्या करारात आम्ही ‘नोटीस मिळाल्याच्या दिनांकापासून ३० दिवस’ असं लिहिलं होतं आणि पुढे ‘नोटीस करारात नमूद केलेल्या ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पाठवल्यास ती लेखी मानली जाईल’.

दुसरं वाक्य नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. पत्र लिहा, करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. मजकूर मोठा नको. कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख, घराचा पत्ता, ‘करारातील अमुक कलमानुसार ३० दिवसांची नोटीस देत आहे’, कोणत्या तारखेला ताबा देणार ती तारीख, आणि डिपॉझिट कोणत्या बँक खात्यात यायला हवं. फोनवर ‘काका, आम्ही पुढच्या महिन्यात सोडू बहुतेक’ म्हटलेलं नोटीस नव्हे. त्यातलं ‘बहुतेक’ काकांना बरोबर आठवतं.

मालकाने नोटीस दिली, मुदत पाळली, आणि तुम्हाला दुसरं घर मिळालेलं नाही, तर? इथे एक धोका आहे जो मोबाइलवरच्या कार्डांत दिसत नाही. मुदत संपल्यावर लायसेन्सी राहत राहिला तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि वरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणून ‘डिपॉझिट परत देत नाही तोवर घर सोडत नाही’ हा हट्ट महागात पडू शकतो. १८,००० चं घर त्या काळात महिन्याला ३६,००० चं होतं आणि ६०,००० चं डिपॉझिट दोन महिन्यांतच हिशेबात संपतं. ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी, हे कलम सुरुवातीला लिहून घ्यायचं ते यासाठीच. तसं कलम असूनही मालक पैसे देत नसेल, तर चावी द्यायची की थांबायचं, हा निर्णय त्या दिवशी वकिलाला फोन करून घ्या. तो माझ्या हद्दीच्या बाहेरचा आहे.

दुरुस्ती

याचं कलम बहुतेक मसुद्यांत दोन ओळींचं असतं: राहणाऱ्याने घर नीट ठेवायचं, बदल करायचे नाहीत. बंद पडलेला गिझर, गळणारी छत, जळालेली वायर यांचं नावही नसतं.

मी वाटणीसाठी एक तयार आधार वापरतो. मघाशी म्हटलेला आदर्श भाडेकरू कायदा आपल्याला बांधील नसला तरी त्याला जोडलेली दुरुस्तीची यादी समजूतदार आहे. तिच्यानुसार ढाच्याची दुरुस्ती, भिंतींना चुना-रंग, दारं-खिडक्यांना रंग, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाचं. तुंबलेलं ड्रेनेज साफ करणं, स्विच-सॉकेट, कुलपं आणि मुठी, खिडकीच्या काचा, स्वयंपाकघरातल्या बसवलेल्या वस्तूंची किरकोळ दुरुस्ती हे राहणाऱ्याचं. ‘कायदा असं सांगतो’ म्हणून पुढे केली तर मालक बिथरतो, ‘आपण असं वाटून घेऊ का’ म्हटलं तर बहुतेक वेळा हो म्हणतो.

यादीपेक्षा मला एक रकमेची रेषा जास्त उपयोगी वाटते. नर्सच्या करारात असं होतं: ‘एका वेळच्या रु. ७५० पर्यंतच्या किरकोळ दुरुस्त्या लायसेन्सी करील. त्यावरील दुरुस्ती, तसेच मूळ वायरिंग, पाइपलाइन, गळती व मालकाने दिलेली उपकरणे यांची दुरुस्ती लायसेन्सर कळवल्यापासून ७ दिवसांत करून देईल. पाणी, वीज बंद पडल्यास ४८ तासांत. तसे न झाल्यास लायसेन्सी बिलासह दुरुस्ती करून ती रक्कम पुढील भाड्यातून वळती करू शकेल. गैरवापराने झालेले नुकसान लायसेन्सी भरेल.’ कलम १४ मधली जी सोय लायसेन्सीला आपोआप मिळत नाही, ती इथे करारातून मिळवली. रक्कम ७५० ऐवजी ५०० किंवा हजार ठेवा, पण आकडा हवा. ‘किरकोळ’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे बदलतो.

मालकाच्या वस्तूंची यादी करारालाच जोडा. नुसतं ‘गिझर १, पंखे ३’ नको. चालू आहेत की नाहीत, किती जुने दिसतात, तेही. ऑगस्टमध्ये तिचा गिझर बंद पडला. मेकॅनिकने कॉइल गेल्याचं सांगितलं, खर्च १,८५०. तिने खर्चाच्या अंदाजाच्या कागदाचा फोटो मालकाला पाठवला, मालकाने ‘करून घ्या, भाड्यातून कापा’ असं लिहिलं. तिने सप्टेंबरला १६,१५० पाठवले आणि सोबत बिलाचा फोटो. एवढं सरळ ते झालं कारण यादीत ‘गिझर, जुना, चालू’ असं लिहिलेलं होतं. नसतं तर ‘तुम्ही पाणी नसताना चालू ठेवला असेल’ इथून सुरुवात झाली असती.

गळती मात्र वेगळी भानगड. पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर दोन फ्लॅटमालक आणि सोसायटी यांच्यात ते अडकतं आणि तुमच्या मालकाची खरोखर इच्छा असूनही सात दिवसांत होत नाही. अशा वेळी मी दोन गोष्टी करायला सांगतो. तारखेसह फोटो घेऊन मालकाला कळवायचं, आणि सोसायटीला मालकामार्फतच अर्ज करायला लावायचा, कारण सोसायटीचा सभासद तो आहे. खोली वापरता येत नसेल तर भाडं काही काळ कमी करण्याबद्दल बोला आणि ठरलं ते मेसेजवर घ्या. भाडं स्वतःहून थांबवू नका.

वकिलाकडे कधी जायचं

हे थोडक्यात, कारण इथून पुढे मी बोलू नये. न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा कोणताही कागद आला, मालकाने कुलूप बदललं किंवा पाणी-वीज तोडली, घरावर बँकेची जप्तीची नोटीस लागली, मालक वारला आणि दोन वारस भाडं मागायला लागले, किंवा डिपॉझिट लेखी मागणी करूनही येत नाही, यांपैकी काहीही झालं तर व्हॉट्सअ‍ॅप बंद करा आणि कागद घेऊन वकील गाठा. कुलूप आणि वीज-पाण्याच्या बाबतीत त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती अशा काही गटांना तिथे मोफत वकील मिळू शकतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. जाताना पूर्ण करार, इंडेक्स टू, डिपॉझिट दिल्याचं बँक स्टेटमेंट, नोटीस आणि तिची पोचपावती, आणि मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेच्या क्रमाने लावून न्या.

घर सोडायचा दिवस

९ जानेवारीला नर्सने मला बोलावलं नव्हतं, मी जवळच दुसऱ्या कराराला होतो म्हणून डोकावलो. सामान टेम्पोत चढलेलं, खोल्या मोकळ्या. ती जूनमधला व्हिडिओ मोबाइलवर लावून मालकाबरोबर एकेक खोली फिरत होती. बेडरूमच्या खिडकीखालची ओल बघून मालक ‘ही तुमच्या काळात आली’ म्हणाला, तिने व्हिडिओ थांबवून तोच कोपरा दाखवला. बाथरूमचा आरसा तिच्याकडून फुटला होता, ते तिने स्वतःच सांगितलं, १,२०० रुपये. मग मालकाने रंगाचे ९,००० काढले. तिने करारातली ‘झीज वगळून’ ही ओळ दाखवली. तो थोडा घुटमळला, म्हणाला, ‘अहो, पुढच्या माणसाला रंग द्यावाच लागतो मला.’ ती म्हणाली, ‘द्या ना काका, पण तो पुढच्या माणसासाठी आहे.’

जानेवारीच्या नऊ दिवसांचं भाडं, ५,२२६, तिने आधीच पाठवलं होतं. साठ हजारातून आरशाचे १,२०० गेले, बिलापोटी २,००० राखले, उरलेले ५६,८०० मालकाने तिथेच ओट्याला टेकून खात्यात टाकले. पैसे आल्याचा मेसेज वाजला तेव्हा तिने चाव्या दिल्या, मीटरचा फोटो काढला आणि एका कोऱ्या कागदावर ‘ताबा व तीन चाव्या मिळाल्या, दि. ९ जानेवारी’ असं लिहून मालकाची सही घेतली. वीजबिल ७४० आलं. उरलेले १,२६० आठवड्याभराने आले, एका मेसेजनंतर.